गल्लीच्या नावाची दुरुस्ती

‘कासार आळी’च्या पाटीवर ‘कसार आळी’ असे पडले आणि हीच चूक मालमत्ता कराच्या बिलातही उतरली, तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी अर्ज करावा लागतो. विषयाच्या ओळीतच ‘नावातील लेखनदोष दुरुस्त करणेबाबत’ असे लिहावे. ‘नाव बदलणेबाबत’ लिहिले की अर्ज नामकरणाच्या वाटेला लागतो आणि सभेच्या मंजुरीसाठी अडकून पडतो.

मजकुरात चुकीचे व बरोबर रूप शेजारीशेजारी द्यावे, पाटी नेमकी कुठे आहे ते सांगावे आणि तिचा फोटो जोडावा. खरे वजन पुराव्याला असते. नामकरणाचा ठराव असल्यास त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. जुन्या आळीचा ठराव बहुधा नसतोच, तेव्हा नगर भूमापनाचा उतारा किंवा जुनी करपावती उपयोगी पडते.

पाटी एका विभागाकडे, करनोंद दुसऱ्याकडे. त्यामुळे दोन्ही दुरुस्त्या स्पष्ट मागाव्यात आणि प्रत दोघांनाही द्यावी. नाहीतर पाटी सुधारते, बिल मात्र चुकीचेच येत राहते. स्थळप्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. पुढचा पाठपुरावा त्यावरच होतो.