पित्ताशयातला एक ‘आ’

मिलानमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या एखाद्या मुलाला पोटात दुखतं म्हणून तिथे सोनोग्राफी होते. तिला इटालियनमध्ये ‘एकोग्राफिया’ म्हणतात. हातात येतो पानभर इटालियन अहवाल, म्हणजे ‘रेफेर्तो’. पुण्यातल्या डॉक्टरांना तो दाखवायचा तर आधी इंग्रजीत आणायला हवा. हे काम वाटतं तितकं अवयवांच्या नावांत अडत नाही. ‘फेगातो’ म्हणजे यकृत, ‘रेने’ म्हणजे मूत्रपिंड, ‘मिल्झा’ म्हणजे प्लीहा, ही नावं चांगल्या कोशात सापडतात. यकृताचे तर क्लोद कुइनो या फ्रेंच शल्यविशारदाच्या पद्धतीने 8 भाग पाडलेले आहेत आणि त्यांचे क्रमांक मिलानमध्ये आणि पुण्यात एकच.

खरी मेख बारीक जागी असते. असा एक नमुना घेऊ; वाक्यं रचलेली आहेत, पण अशी वाक्यं रोजच्या अहवालांत येतात. ‘कोलेचिस्ती आलितिआसिका’. कोलेचिस्ती म्हणजे पित्ताशय आणि लितिआसी म्हणजे खडे होणं. पुढे लागलेला ‘आ’ नकाराचा आहे, म्हणून अर्थ ‘पित्ताशयात खडे नाहीत’. घाईत तो ‘आ’ सुटला की निरोगी पित्ताशयात खडे तयार होतात. मुलाला पोटदुखी आहेच, त्यामुळे चुकीचं वाक्य पटतंही लगेच! मुरलेला अनुवादक इथे पुढे वाचतो. खडे दिसले असते तर डॉक्टरांनी सहसा त्यांचा आकार लिहिला असता आणि खड्यामागे पडणाऱ्या सावलीचा उल्लेख केला असता. त्यातलं काहीच नसेल, तर पुन्हा मूळ शब्दाकडे जायचं.

त्याच अहवालात यकृताच्या सातव्या भागात एक ‘फोर्मात्सिओने’ दिसल्याचं लिहिलंय. याला ट्यूमर म्हणणं म्हणजे रुग्णाची झोप उडवणं. इथे डॉक्टरांनी मुद्दाम तटस्थ शब्द निवडला आहे आणि इंग्रजीतही ‘लीजन’सारखा तटस्थ शब्दच हवा. त्यापुढे मापाआधी सी-ए ही दोन अक्षरं आहेत आणि माप आहे 1,2 सेंटिमीटर. इटालियनमध्ये ती अक्षरं ‘चिर्का’चं, म्हणजे ‘सुमारे’चं, लघुरूप. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या फायलीत मात्र सी-ए म्हणजे कार्सिनोमा, सरळ कॅन्सर. आणि तो स्वल्पविराम दशांशचिन्ह आहे. तो गळला की सव्वा सेंटिमीटरही नसलेला ठिपका 12 सेंटिमीटरचा होतो. म्हणून इथे ‘सुमारे’ हा शब्द पूर्ण लिहायचा आणि 1.2 टिंब देऊन.

उजव्या-डाव्यातही हाच घोळ. डी-एक्स म्हणजे ‘देस्त्रा’, उजवा. एस-एक्स म्हणजे ‘सिनिस्त्रा’, डावा. इंग्रजी वैद्यकीय टिपणांत हीच अक्षरं निदान आणि लक्षणं यांसाठी वापरतात, त्यामुळे ती जशीच्या तशी ठेवली तर वाचणारा चकतो.

आता त्या ठिपक्याविषयीचं वाक्य: ‘दी वेरोसीमिले नातुरा आंज्योमातोसा’. म्हणजे तो बहुधा हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असावी. वेरोसीमिले म्हणजे ‘तसं असण्याची बरीच शक्यता’. अनुवादकाने ‘हिमँजिओमा आहे’ लिहिलं तर डॉक्टरांनी न दिलेली खात्री त्याने दिली. ‘शंका आहे’ लिहिलं तर नसलेली भीती वाढवली. ‘काँपातीबिले कोन’ म्हणजे चित्र अमुक आजाराशी जुळतं, पण तो सिद्ध झालेला नाही. ‘नोन सी एस्क्लुदे’ म्हणजे तो नाही असंही सांगता येत नाही. शक्यतेच्या या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि अनुवादात एकही पायरी चढायची वा उतरायची नसते.

नकारातही तेच. ‘नोन सी आप्रेत्सानो’ म्हणजे ‘दिसत नाहीत’. ‘नाहीत’ नव्हे. स्वादुपिंडाबाबत तर डॉक्टर कबूलच करतात की ‘मेतेओरिस्मो’मुळे, म्हणजे आतड्यातल्या गॅसमुळे, ते नीट पाहता आलं नाही. ध्वनिलहरी गॅसपलीकडे नीट पोचत नाहीत. हे कलम कंटाळवाणं म्हणून गाळलं, तर न पाहिलेला अवयव निर्दोष ठरतो.

भर घालण्याचा मोहही असतो. आपल्याकडच्या रिपोर्टांच्या शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ हे वाक्य इतकं सवयीचं, की हात आपोआप ते टंकायला जातो. मूळ अहवालात ते नसेल तर नकोच. या नमुन्यात शेवटी फक्त ‘उतिले कोन्त्रोल्लो आ 6 मेझी’ आहे, म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तपासणं उपयुक्त ठरेल. ‘आवश्यक’ असं तिथे म्हटलेलं नाही, म्हणून अनुवादातही ‘उपयुक्त’च राहतं. सहा महिन्यांनंतरच्या सोनोग्राफीत तो ठिपका पुण्यातले डॉक्टर शोधतील, तेव्हा त्यांना तुलनेला लागेल ते सातव्या भागातलं 1.2 सेंटिमीटरचं माप.