बोनसला वेगळा टॅक्स लागत नाही

दिवाळीच्या पगाराची स्लिप आली की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली: ‘बोनस दिला तीन लाख आणि टॅक्सच कापला साठ हजारांच्या वर.’ त्यामागून ठाम आवाजात माहितीही येते, की बोनसला सरकारनं वेगळा, चढा दर ठेवलाय. कोणी तीस टक्के सांगतं, कोणी चाळीस. सांगणारे शिकलेसवरलेले असतात, काही तर एचआरमध्ये नोकरीला असतात. मग मात्र चिडचिड होते.

आयकर कायद्यात बोनससाठी वेगळा दर कुठेही नाही. कायद्याच्या लेखी बोनस हा पगारच. पगारावरच्या टीडीएसचं कलम, म्हणजे १९६१च्या कायद्यातलं १९२, कंपनीला एवढंच सांगतं: कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज घ्या, त्यावर वर्षाचा टॅक्स काढा आणि त्याच्या सरासरी दरानं कापत जा. अंदाज चुकला तर पुढच्या महिन्यांत कमीजास्त करून जुळवून घ्या, अशी मुभाही त्याच कलमात आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही पद्धत तीच राहिली.

आता २०२५-२६चा हिशेब मांडू, नव्या करप्रणालीचा. पुण्यातल्या एका नोकरदाराला महिना सव्वा लाख पगार, म्हणजे वर्षाला पंधरा लाख. स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा केले की उरले १४,२५,०००. पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर पाच टक्के, त्यापुढच्या चार लाखांवर दहा आणि बारा लाखांच्या वरच्या सव्वादोन लाखांवर पंधरा. चार टक्के सेस धरून वर्षाचा टॅक्स झाला ९७,५००. दरमहा कापले जातात ८,१२५, म्हणजे पगाराच्या साडेसहा टक्के. या आकड्याची त्याला सवय झालेली असते.

ऑक्टोबरात तीन लाख बोनस आला. आता करपात्र उत्पन्न १७,२५,०००. बोनसमधले पहिले पावणेदोन लाख पंधरा टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसले, उरलेले सव्वा लाख वीस टक्क्यांच्या. वर्षाचा टॅक्स झाला १,५०,८००, म्हणजे आधीपेक्षा ५३,३०० जास्त. कंपनीनं ही सगळी वाढ ऑक्टोबरातच कापली, त्यात नेहमीचे ८,१२५ मिळवले, आणि स्लिपवर टीडीएसच्या पुढे आकडा उमटला ६१,४२५.

या एका आकड्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली स्लॅबची. शून्य, पाच आणि दहा टक्क्यांचे स्वस्त टप्पे पगारानंच भरून टाकलेले असतात, बोनस त्यांच्या वर येऊन बसतो. म्हणून पगारावर साडेसहा टक्के आणि बोनसवर जवळजवळ अठरा टक्के दिसतात. पण एप्रिलपासून पगारच दरमहा दीड लाख असता, तर वर्षाचे अठरा लाखच झाले असते आणि टॅक्सही तोच, १,५०,८००. तो रकमेवर लागतो, तिला बोनस म्हणा की पगार. दुसरी गोष्ट निव्वळ वेळेची. बोनसपायी वाढलेला वर्षाचा टॅक्स एकाच महिन्यात गोळा झाला. कंपनीनं तो ऑक्टोबर ते मार्च असा वाटला असता तर दरमहा साधारण १७ हजार कापले गेले असते. बोनस एप्रिलमध्येच अंदाजात धरला असता तर बाराही महिने साडेबारा हजारांच्या आसपास. मार्चअखेरची बेरीज तिन्ही वाटांनी एकच.

मग कंपन्या एकदम का कापतात? कारण बोनस घेऊन माणूस नोव्हेंबरात राजीनामा देऊ शकतो. उरलेला टॅक्स मग कोणाच्या पगारातून कापणार? टीडीएस कमी कापला गेला तर जबाबदारी कंपनीवर येते, व्याजासकट. म्हणून पैसे हातात आहेत तोवर पेरोलवाले कापून मोकळे होतात. त्यात दुष्टावा नाही.

आता मला त्रास देणाऱ्या, पण अगदी खऱ्या असलेल्या एका प्रकाराबद्दल. दरमहा एक लाख पगार असलेल्याचं करपात्र उत्पन्न ११,२५,००० होतं. बारा लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे वर्षभर टीडीएस शून्य. त्याला दोन लाख बोनस मिळाला की उत्पन्न १३,२५,००० होतं, रिबेट जातं आणि टॅक्स येतो ८१,९००. बोनसच्या जवळजवळ एक्केचाळीस टक्के! हा माणूस ‘चाळीस टक्के कापले’ म्हणतो तेव्हा त्याचा आकडा बरोबर असतो, कारण तेवढं चुकीचं. बोनसच्या पहिल्या ७५ हजारांवर त्याला काहीच लागलं नाही. बारा लाखांची रेघ ओलांडल्यावर मात्र पुढच्या साधारण सत्तर हजारांतला रुपयान् रुपया टॅक्समध्ये गेला, सेस धरून किंचित जास्तच. त्यापुढच्या रकमेवर नेहमीचे पंधरा टक्के. म्हणजे याच माणसाला ७५ हजार बोनस मिळाला तर सगळा हातात येतो आणि १,४५,००० मिळाला तर हातात येतात ७२,२००. ‘बोनस वाढला आणि हातातले पैसे कमी झाले’ हे एरवी साफ खोटं असलेलं वाक्य या चिंचोळ्या पट्ट्यात खरं ठरतं. दोष बोनसचा नाही. तेवढीच पगारवाढ मिळाली असती तरी हेच झालं असतं.

कापलेली रक्कम बरोबर आहे का, हे तपासायला सीए लागत नाही. वर्षाचा टॅक्स दोनदा काढा, एकदा बोनस सोडून, एकदा धरून. दोन आकड्यांतला फरक त्या महिन्याच्या जादा कपातीएवढा हवा. नसेल तर कंपनीकडून टॅक्सचा तक्ता मागवा आणि त्यातलं वर्षाचं एकूण उत्पन्न पाहा. पेरोलमध्ये बोनसची नोंद चुकून ‘दरमहा मिळणारी रक्कम’ अशी झाली, तर सॉफ्टवेअर तेच तीन लाख मार्चपर्यंत दर महिन्याला मिळणार असं धरतं. आपल्या पुणेकराचं उत्पन्न मग अठराऐवजी तेहतीस लाख दिसेल. पुढच्या महिन्यात कपात पुन्हा ८,१२५वर आली नाही, तरी संशय घ्यावा. चूक वेळेत दाखवली तर कंपनी मार्चच्या आत जुळवून देऊ शकते. नाहीतर रिटर्न भरून रिफंडची वाट पाहायची. जुन्या करप्रणालीत असाल आणि बोनस फेब्रुवारीत आला असेल, तर आधी घरभाड्याच्या पावत्या आणि गुंतवणुकीचे पुरावे दिलेत का ते आठवा. पुष्कळदा बोनसवर फोडलेलं खापर खरं तिथलं असतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. ‘रिटर्न भरला की बोनसवरचा टॅक्स परत मिळतो’: जादा कापला असेल तेवढाच, आणि हिशेब बरोबर असेल तर परत मिळण्यासारखं काही नसतं. ‘बोनसऐवजी सानुग्रह अनुदान म्हटलं की सुटतो’: नाव बदलल्यानं काही होत नाही, कंपनीनं दिलेली ती रक्कमही पगारातच मोजतात. ‘अमेरिकेत माझ्या भावाला बोनसवर सरळ बावीस टक्के लागतात, आपल्याकडेही तसंच असणार’: तिथे बोनसमधून सपाट बावीस टक्के कापून ठेवायची सोय आहे खरी, पण तीही कपातच. वर्षाचा खरा हिशेब तिथेही रिटर्नमध्ये होतो, आणि तो नियम आपल्याकडे नाही. ‘बोनसमधून पीएफही जातो’: पीएफ कायद्यातल्या मूळ वेतनाच्या व्याख्येत बोनस धरलेला नाही. आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर बोनसच्या महिन्यातही दोनशे रुपयेच. फेब्रुवारीत तो तीनशे दिसतो, तोही बोनसमुळे नव्हे. वर्षाचे अडीच हजार पुरे करायला त्या महिन्यात शंभर जास्त घेतात.