खोक्यातून येणारी सायकल

ऑनलाइन सायकल बघताना आधी डोळ्यांत भरतो तो २६टी, २९टी असा आकडा. तो चाकाचा. सायकल आपल्याला बसेल की नाही हे ठरतं फ्रेमवर, आणि तिचं माप तपशिलात कुठेतरी खाली असतं. ते दिलंच नसेल तर ती सायकल सोडून द्यावी.

फ्रेम निवडायची ती पायांच्या लांबीवरून. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड पुस्तक पायांमध्ये जांघेपर्यंत घट्ट वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. समजा, साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं हे अंतर ७६ सेंटिमीटर भरलं. माउंटन बाइकसाठी त्याला ०.२२५ ने गुणलं की १७ इंची फ्रेम येते. हा अंदाजच, कारण एका कंपनीची १७ दुसरीच्या १७ सारखी असेलच असं नाही. म्हणून फ्रेमच्या आडव्या दांड्याची जमिनीपासूनची उंचीही पाहावी. ती ७९ असेल तर सिग्नलला या माणसाचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकणार नाहीत. ती ७१ च्या आसपास हवी.

‘८५ टक्के जोडलेली’ म्हणजे पुढचं चाक, हँडल, सीट आणि पायडल आपण लावायचे. यात घात करतो डावा पायडल. त्याचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवून घट्ट होतो. दोन्ही पायडलवर L आणि R कोरलेलं असतं. सुरुवातीचे फेरे हातानेच द्यावेत; अडला तर पाना लावून जोर करू नये. आटे गेले की क्रँक बदलावा लागतो, आणि ती चूक कंपनी आपल्या अंगावर घेत नाही. दुसरी नेहमीची गफलत म्हणजे पुढचा चिमटा उलटा राहणं. डिस्क ब्रेक चिमट्याच्या मागच्या बाजूला दिसला पाहिजे.

‘मोफत इन्स्टॉलेशन’ आपल्या पिनकोडला मिळतं का, हे पैसे भरण्याआधी विचारावं. नसेल तर गावातल्या सायकलवाल्याकडून जोडून घेणं केव्हाही बरं, पण वॉरंटीसाठी कंपनीचाच मेकॅनिक लागतो का तेवढं पाहून घ्यावं.

खोकं फाटलेलं दिसलं तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करावी आणि चिकटपट्टी कापण्यापासून व्हिडिओ काढावा. सगळ्यात जास्त मार बसतो तो मागच्या गिअरला. सायकलच्या मागे उभं राहून पाहा: गिअरची लोंबती पट्टी चाकाला समांतर हवी. ती चाकाकडे झुकली असेल तर बहुधा हँगर वाकलेला असतो. फ्रेम वाचावी म्हणून हा तुकडा मुद्दामच मऊ धातूचा करतात. तसंच चालवलं तर हलक्या गिअरवर पट्टी तारांत अडकून चाकाचीही वाट लागते. एवढ्यासाठी अख्खी सायकल परत पाठवायची गरज नाही. मात्र प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, दुकानात जुळणारा मिळेलच असं नाही. तेव्हा फोटो पाठवून तो कंपनीकडूनच मागवावा.