दहा वर्षांची कंपनी, चार मिनिटांचे आभार

छोट्या कंपनीच्या दहाव्या वर्धापनदिनी मालकाने कामगारांचे आभार मानायचे भाषण चार मिनिटांचे असावे. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात, म्हणजे हाती पाचेकशे शब्द येतात. बहुतेक भाषणे त्यातले निम्मे शब्द मान्यवरांच्या स्वागतात आणि मालकाच्या स्वतःच्या संघर्षकथेत संपवतात. उरलेल्या वेळात सगळ्यांचे मिळून एकदाच आभार मानले जातात आणि ते कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

उदाहरणादाखल भोसरी एमआयडीसीतला 2016 साली सुरू झालेला, सीएनसी मशीनवर सुटे भाग बनवणारा, बावीस माणसांचा कारखाना घेऊ. प्रत्येकाचे नाव आणि त्याच्याबद्दल एक वाक्य, असे वीस शब्द धरले तरी बावीस जणांचे चारशे चाळीस शब्द होतात. म्हणजे सगळे भाषण यादीतच संपते आणि दहाव्या नावानंतर ऐकणाऱ्याचे लक्ष फक्त आपले नाव कधी येते याकडे लागते. काही नावे निवडून घेतली, तर राहिलेले दुखावतात. बावीस जणांत हे लपत नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याचीच चर्चा होते.

यातून निघायचा मार्ग म्हणजे माणसांऐवजी प्रसंग निवडणे. 2016 साली सुरू झालेल्या धंद्याने त्याच नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी पाहिली, जुलै 2017 मध्ये जीएसटी आणि मार्च 2020 मध्ये टाळेबंदी. असे दोन-तीन प्रसंग घेऊन त्या वेळी कुणी नेमके काय केले ते सांगितले, की नावे आपोआप आणि कारणासह येतात. नाव न आलेल्यालाही ते का आले नाही हे कळते, शिवाय तो प्रसंग त्यानेही पाहिलेला असतो.

टाळेबंदीबद्दल ‘कठीण काळात सर्वांनी मोलाची साथ दिली’ हे वाक्य कुठल्याही कंपनीत चालेल, म्हणूनच ते इथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी मालक असे म्हणू शकतो: ‘मे महिन्यात कारखाना उघडला तेव्हा निम्मी माणसं गावी अडकली होती. आपले सेटर आणि स्टोअरमधले काका, दोघांनी मिळून तीन मशीन चालवली. काकांनी त्याआधी मशीनला कधी हात लावला नव्हता. पहिल्या आठवड्यात रिजेक्शन भरपूर निघालं, पण पार्टीचा माल वेळेत गेला. ती ऑर्डर आजही आपल्याकडे आहे.’ (प्रत्यक्ष भाषणात अर्थातच दोघांची नावे घ्यायची.) इथे कृती आहे, तिची अडचण आहे आणि परिणामही आहे. रिजेक्शनचा उल्लेख गाळावासा वाटेल, पण तो ठेवावा. त्यामुळेच बाकीचे खरे वाटते.

तपशील मात्र आधी तपासून घ्यावा लागतो. मालकाला आठवणारा प्रसंग बहुधा ऑफिसातून दिसलेला असतो. रात्रपाळीत काय घडले, हे सुपरवायझर आणि जुन्या ऑपरेटरला विचारल्याशिवाय कळत नाही. कंत्राटी हेल्पर, सफाई कामगार आणि टेम्पोचालक हजेरीपटावर नसतात, त्यामुळे विसरले जातात ते हेच. सोडून गेलेल्यांचे एक वाक्य असायला हरकत नाही; सुरुवातीची मशीन त्यांनीच बसवलेली असतात.

‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य टाळलेले बरे. ज्याची पगारवाढ दोन वर्षे रखडली आहे, त्याला ते टोमण्यासारखे लागते.

पैशांच्या घोषणेत तर अधिकच जपावे लागते, कारण कायद्याने द्यायचीच रक्कम बक्षीस म्हणून सांगण्याचा मोह होतो. पात्र कामगारांना किमान 8.33 टक्के बोनस हा त्यांचा हक्क आहे. ग्रॅच्युइटीचेही तसेच: हिशेबात धरायचे मासिक वेतन 26,000 रुपये असेल, तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे, म्हणजे 15,000 रुपये होतात. दहा वर्षांचे दीड लाख. ती रक्कम नोकरी सोडताना किंवा निवृत्तीच्या वेळी मिळते आणि कामगारांना हे ठाऊक असते. वर्धापनदिनी वेगळे काही द्यायचे असेल, तर रक्कम आणि तारीख अकाउंटंटशी आधी पक्की करून एका वाक्यात सांगावी. ‘लवकरच काहीतरी करू’ असे म्हटले, तर पुढे दर महिन्याला त्याची विचारणा होते.

भाषण जेवणापूर्वी व्हावे आणि दुसऱ्या पाळीच्या लोकांनाही ऐकता येईल अशा वेळी, म्हणजे शक्यतो पाळी बदलताना. कागद हातात असलेला चालतो. नावे आणि आडनावे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावीत, कारण रोज ‘मामा’ म्हणून हाक मारलेल्या माणसाचे पूर्ण नाव नेमके माईकसमोर आठवत नाही.