माणसं मोजणारा नकाशा

बांगलादेश आणि मंगोलिया हे दोन देश जगाच्या नकाशावर शोधून बघा. मंगोलिया चटकन सापडतो. त्याचं क्षेत्रफळ साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे बांगलादेशाच्या दहापट. बांगलादेश मात्र भारताच्या कुशीत शोधावा लागतो. आता माणसं मोजा. मंगोलियात जेमतेम चौतीस लाख माणसं राहतात, बांगलादेशात सतरा कोटी. एका मंगोलियन माणसामागे पन्नास बांगलादेशी आहेत, पण नकाशात हे कुठेच दिसत नाही.

यावर शाळेच्या भूगोलात शिकवलेला उपाय म्हणजे क्षेत्रघनी नकाशा: दाट वस्तीचा प्रदेश गडद रंगात, विरळ वस्तीचा फिक्या. बांगलादेश काळपट लाल झाला तरी तो राहतो टिकलीएवढाच. डोळा आधी आकार बघतो, रंग नंतर. एखाद्या रोगाचा, दारिद्र्याचा किंवा निवडणुकीचा नकाशा रंगवला, की सर्वात मोठी जागा ज्याची, त्याचाच रंग जगाचा रंग वाटू लागतो, मग तिथे माणसं असोत वा नसोत.

कार्टोग्रॅम रंगाऐवजी आकारालाच हात घालतो. देशाला नकाशावर किती जागा द्यायची हे जमीन नाही, माणसं ठरवतात. हिशेब अगदी सोपा आहे. अंटार्क्टिका वगळली तर जगाची जमीन साधारण साडेतेरा कोटी चौरस किलोमीटर आणि माणसं आठशे कोटी. सरासरी घनता निघते चौरस किलोमीटरला सुमारे ६० माणसं. भारताची घनता त्याच्या सातपट आहे, म्हणून भारत सातपट फुगणार. रशियाची घनता सरासरीच्या सातव्या हिश्शाएवढी आहे, म्हणून रशिया आक्रसून सातवा हिस्सा उरणार. नेहमीच्या नकाशावर रशिया भारताच्या पाचपट मोठा दिसतो. या नव्या नकाशावर भारत रशियाच्या जवळपास दहापट होतो, आणि बांगलादेशही रशियाहून मोठा दिसतो.

आकडेमोड इथे संपते आणि खरी अडचण सुरू होते. भारत सातपट फुगवायचा, पण शेजारचे देश जागा सोडणार कुठून? प्रत्येक देश सुटा कापून लहानमोठा केला तर सीमा जुळत नाहीत, कुठे भेगा पडतात, कुठे देश एकमेकांवर चढतात. एर्विन राइस या नकाशाकाराने १९३४ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांसाठी सरळ आयत काढले. आकार सोडून दिला, आयताचं क्षेत्रफळ तेवढं बरोबर ठेवलं. प्रामाणिक काम होतं, पण खोक्यांच्या त्या मांडणीत आपलं राज्य कुठलं हे नाव वाचल्याशिवाय कळायचं नाही. पुढे संगणक आले, अनेकांनी रबर ताणल्यासारखा नकाशा ताणायच्या रीती काढल्या. त्यांपैकी काही फार सावकाश चालायच्या, तर काहींमध्ये सीमा एकमेकींना ओलांडून जायच्या.

आज आपण जे फुगीर नकाशे पाहतो, त्यांतल्या बऱ्याच नकाशांमागे मिशिगन विद्यापीठातल्या मायकेल गास्टनर आणि मार्क न्यूमन यांनी २००४ मध्ये मांडलेली रीत आहे. हे दोघे भौतिकशास्त्रातले, आणि त्यांनी उत्तर आणलं तेही भौतिकशास्त्रातूनच. बादलीभर पाण्यात निळीचा थेंब टाकला की नीळ दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरत जाते आणि शेवटी सगळं पाणी एकसारखं निळं होतं. विज्ञानाच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात. लोकसंख्या ही नीळ समजा. नकाशावर बारीक चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत तिथल्या देशाची घनता भरायची. मग ती घनता नियमाप्रमाणे पसरू द्यायची. पसरताना तिने सीमारेषेवरचा एकेक बिंदू सोबत वाहून न्यायचा. सगळीकडे घनता सारखी झाली, की थांबायचं.

यात एक गोष्ट आपोआप साधते. घनता सगळीकडे सारखी झाली, याचा अर्थच असा की आता प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तेवढीच माणसं आहेत, म्हणजे देशाचं क्षेत्रफळ त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आलं. शिवाय प्रवाह सलग असल्यामुळे कुठेही भेग पडत नाही. शेजारी शेजारीच राहतात. भारताच्या पश्चिमेला पाकिस्तान आणि पूर्वेला म्यानमार पूर्वीसारखेच असतात. बिचारा मंगोलिया मात्र फुगलेला चीन आणि आक्रसलेला रशिया यांच्यामध्ये दबून पातळ पट्टी होतो.

समुद्राचं काय, हा प्रश्न मला या रीतीतला सर्वात मजेदार वाटतो. समुद्रात माणसं नाहीत म्हणून तिथली घनता शून्य धरली, तर किनाऱ्यावरची सारी लोकसंख्या समुद्रात ओतली जाईल आणि खंड फुगत जातील. म्हणून समुद्राला खोटीखोटी सरासरी घनता द्यायची. मग तो स्वतःहून फुगतही नाही, आक्रसतही नाही. जमिनीने ढकललं तर सरकतो, एवढंच.

चुका कुठे होतात हेही पाहण्यासारखं आहे. सुरुवातीचा नकाशा समक्षेत्र असावा लागतो, म्हणजे सगळीकडे जमिनीचं प्रमाण खरं दाखवणारा. मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीच्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. अशा नकाशापासून सुरुवात केली तर घनतेचे आकडेच चुकीच्या जागेवर भरले जातात. दुसरी चूक चौकटींच्या मापाची. जगाच्या नकाशावर आडव्या १०२४ चौकटी घेतल्या तर विषुववृत्तावर एक चौकट सुमारे चाळीस किलोमीटरची होते. अख्ख्या सिंगापूरचं क्षेत्रफळ अशा एका चौकटीहूनही कमी आहे. मग त्याची साठ लाखांच्या घरातली माणसं बरोबर पसरणार कशी? मात्र तपासणी सोपी आहे. तयार नकाशावर प्रत्येक देशाचं क्षेत्रफळ मोजायचं. भारत एकूण जमिनीच्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास यायला हवा. तो पंधराच टक्के भरला, तर पसरण अर्ध्यावर थांबली आहे किंवा चौकटी फार मोठ्या आहेत.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या डॅनी डॉर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमन यांनाच सोबत घेऊन ‘वर्ल्डमॅपर’ नावाने असे शेकडो नकाशे काढायला सुरुवात केली. त्यात अर्थातच पैशाचेही नकाशे आले. जीडीपीच्या नकाशावर जपान चांगलाच टरारून फुगतो. त्याच्याकडे जगाच्या जमिनीचा पाव टक्क्याहून थोडा अधिक वाटा आहे, उत्पादनाचा मात्र चार टक्क्यांच्या आसपास. अख्खा आफ्रिका खंड भारताहून लहान होतो. भारताचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तो जमिनीच्या नकाशाहून थोडा मोठा आणि माणसांच्या नकाशाहून कितीतरी लहान दिसतो.

पण याच जागी दोन नकाशे दोन गोष्टी सांगू शकतात. वरचा वाटा बाजारातल्या डॉलरच्या भावाने काढलेला आहे. डॉलरभर पैशात मुंबईत न्यूयॉर्कपेक्षा जास्त वस्तू मिळतात हे धरून क्रयशक्तीने हिशेब केला, तर भारताचा वाटा सात-आठ टक्क्यांवर जातो आणि नकाशावरचा देश दुप्पट होतो. दोन्ही बरोबर आहेत. कुठला हिशेब धरला हे नकाशाखाली लिहिलेलं नसेल, तर मी तो नकाशा बाजूला ठेवतो. आणि जीडीपी म्हणजे वर्षभराचं उत्पादन, साठलेली संपत्ती नव्हे. मथळ्यात ‘श्रीमंत देश’ असं छापताना हे हमखास विसरलं जातं.

याहून मोठी चूक दरडोई उत्पन्नाचा कार्टोग्रॅम काढण्याची. लक्झेंबर्ग पुणे जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाएवढा देश आहे आणि त्याची लोकसंख्या सात लाखांच्या आत. तिथलं दरडोई उत्पन्न भारताच्या सुमारे पन्नासपट. त्या प्रमाणात जागा दिली, तर लक्झेंबर्ग भारताच्या पन्नासपट मोठा काढावा लागेल. हे हास्यास्पद का आहे, ते सुदानवरून कळतं. २०११ मध्ये सुदानचे दोन देश झाले. फाळणीच्या दिवशी माणसं तेवढीच होती, उत्पादनही तेवढंच, आणि दोन्ही देशांची बेरीज जुन्या सुदानएवढीच भरत होती. दरडोई उत्पन्नाची अशी बेरीज होत नाही. ते जागेच्या मापाने दाखवलं असतं, तर केवळ एक सीमा आखल्यामुळे त्या प्रदेशाला नकाशावर दोन वाटे मिळाले असते. ज्याची बेरीज होते त्यालाच जागा द्यावी. दरडोई आकडा दाखवायचाच असेल तर माणसांच्या कार्टोग्रॅमवर तो रंगाने भरावा.

हीच रीत राज्यांना लावली की आपल्याकडे एक गंमत दिसते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे उत्तर प्रदेशाकडे देशाची सात टक्क्यांच्या वर जमीन आणि साडेसोळा टक्के माणसं आहेत, म्हणून तो दुपटीहून अधिक फुगतो. राजस्थान जवळपास निम्मा होतो. महाराष्ट्राकडे जमीन ९.४ टक्के आणि माणसं ९.३ टक्के आहेत. तो होता तेवढाच राहतो. गोवाही तसाच, दोन्हींत ०.१ टक्क्याच्या जरा वर. नकाशा बघणाऱ्या मराठी माणसाला वाटेल, आपल्याकडे सगळं सरासरीच आहे. उत्पादनाचा नकाशा काढला तर महाराष्ट्राचा वाटा तेरा टक्क्यांवर जातो आणि राज्य फुगतं, उत्तर प्रदेश निम्म्याच्या आसपास येतो.

पण माणसांच्या नकाशावरचा तो शांतपणा फसवा आहे. राज्याऐवजी जिल्हे घेतले, की तो उडून जातो. मुंबई शहर आणि उपनगर मिळून सुमारे ६०० चौरस किलोमीटर, माणसं १ कोटी २४ लाख. जमिनीचा पाचशेवा हिस्सा आणि लोकसंख्येचा नववा. मुंबई पन्नासपटीहून अधिक फुगते. तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा तिला जोडला, तर महाराष्ट्राच्या नकाशाचा पाचवा हिस्सा त्या कोपऱ्यातच जातो. गडचिरोलीकडे राज्याची पावणेपाच टक्के जमीन आणि एक टक्क्याहून कमी माणसं आहेत. तो जिल्हा पाचवा हिस्सा उरतो आणि पूर्वेच्या कडेला चिकटून बसतो.

जिल्ह्याच्या आतही तेच. त्या ठाणे जिल्ह्यात मोखाड्याचे पाडे आणि कल्याणच्या चाळी अशा दोन्ही वस्त्या होत्या, पण कार्टोग्रॅमने दोन्हींना एकच घनता दिली आणि मोखाडाही कल्याणच्या तालावर फुगला. यावर तालुके किंवा गावं घेऊन चौकटी बारीक करत जाता येतं. प्रत्येक पायरीला माणसांची जागा अधिक खरी होते आणि सीमेचा ओळखीचा आकार तेवढा अधिक मोडतो. गावपातळीवर काढलेल्या नकाशात महाराष्ट्र ओळखू यावा म्हणून नकाशाकाराला शेवटी जिल्ह्यांच्या सीमा वरून पुन्हा आखाव्या लागतात आणि नावं लिहावी लागतात.