डिजिटल पत्रिकेचा दर ठरवताना करेक्शनचा वेळ धरला का?

व्हिडिओत हिशोब भरभर झाला, म्हणून इथे सावकाश मांडतो.

समजा, तुम्हाला तासाला 200 रुपये सुटायला हवेत. लग्नपत्रिकेचं एक टेम्प्लेट बनवायला 6 तास लागले, म्हणजे 1200 रुपये. ते 10 गिऱ्हाइकांना वापरलं, तर एका पत्रिकेवर 120 पडतात. मजकूर भरायला पाऊण तास, दोन करेक्शनला 20-20 मिनिटं, बोलणं आणि फाइल पाठवणं 20 मिनिटं. झाले पावणेदोन तास, म्हणजे 350. ॲप आणि नेटचे 30 धरा. दर आला 500 रुपये.

आता खरी गंमत बघा. गिऱ्हाइकाने आणखी पाच वेळा करेक्शन सांगितलं, तर 100 मिनिटं वाढली. दर तोच राहिला, पण तुम्हाला तासाला जेमतेम 100 रुपये सुटले. कमाई निम्म्यावर!

करेक्शन वाढतात ती बहुतेक डिझाइनमुळे नाही, नावांमुळे. आज मामांचं नाव राहिलं, उद्या आत्याबाई म्हणतात आमचं नाव खाली का? म्हणून डिझाइनला हात लावण्याआधी मजकूर पक्का करा. कुलदैवत, चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रकांचा क्रम, हे सगळं टाइप करून मागवा. व्हॉइस मेसेजवरून नावं लिहू नका. घरातल्या एकाच माणसाचा शब्द अंतिम, हे आधीच ठरवा. मग सरळ सांगा: "ताई, दोन वेळा करेक्शन दरातच आहे. दर वेळी सगळे बदल एकत्र पाठवा. तिसऱ्यापासून प्रत्येक वेळेचे 70 रुपये." 20 मिनिटांचे साधारण तेवढेच होतात. निम्मे पैसे आधी घ्या. नमुना पाठवताना त्यावर आडवं 'नमुना' लिहा, आणि बाकी पैसे आले की स्वच्छ फाइल द्या.

टेम्प्लेट परत वापरताना एक चूक हमखास होते. जुन्या गिऱ्हाइकाच्या फाइलची कॉपी काढून नवीन नावं टाकली जातात, आणि 'लोकेशन' बटणामागे आधीच्या कार्यालयाची लिंक तशीच राहते. बघून ते कळत नाही. वऱ्हाड मात्र भलत्याच गावी पोचतं! म्हणून एक कोरी मूळ फाइल ठेवा. नावाच्या जागी 'नाव', तारखेच्या जागी 'तारीख', लिंक रिकामी. कॉपी कायम तिचीच काढायची. पाठवण्याआधी पीडीएफ स्वतःच्या मोबाईलवर उघडून बटण दाबा. तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवा.

वाढदिवसाच्या पत्रिकेत मजकूर थोडा असतो: नाव, फोटो, वय, वेळ, पत्ता. तिथे एकच करेक्शन ठेवलं, तर दर निम्मा चालतो. पण फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो धुरकट येतो आणि तेच करेक्शन पुन्हा होतं.

पुढच्या तीन ऑर्डरींची मिनिटं वहीत लिहा. तुमचा दर त्यातूनच निघेल.