कुंभारीण माशी आणि पाच सेकंद

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. धारणीच्या बाहेर, जंगलाची हद्द सुरू होण्याच्या बरंच अलीकडे, माझ्या एका परिचिताचं शेत आहे. सोयाबीन निघालं होतं, शेजारच्या पट्ट्यात तूर उभी होती. मी स्वतः बांधलेलं पाच किलोचं विमान त्या मोकळ्या तुकड्यातून सरळ वर उठलं, वीस मीटरवर थांबलं, त्याने पुढचे पंखे वाकवले आणि सहा-सात सेकंदांत ते तुरीत जाऊन पडलं. तुरीचे मालक धावत आले. नुकसान पाहण्याआधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न पुढे सांगेन, कारण मी दोन रात्री नोंदी चाळून जिथे पोचलो, तिथे ते उभ्या जागेवरून पोचले होते.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगायला हवं. लग्नसमारंभात चित्रीकरण करणारा चार पंख्यांचा ड्रोन आता सर्वांना ठाऊक आहे. तो जागच्या जागी उठतो, हवेत उभा राहतो. पण स्वतःचं सगळं वजन सतत मोटरांच्या जोरावर पेलत असल्याने त्याची बॅटरी लवकर संपते. पंखांचं विमान उलट आहे. वजन पंख उचलतात, मोटरला फक्त पुढे ढकलायचं असतं. म्हणून तेवढ्याच बॅटरीत ते कितीतरी लांब जातं. पण त्याला धावपट्टी लागते, आणि मेळघाटाच्या उताराउतारांच्या शेतांत ती कुठून आणायची? म्हणून या दोन जातींचा संकर झाला. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या ‘आयडियाफोर्ज’ या कंपनीचं ‘स्विच’ हे अशाच संकराचं विमान. भारतीय सैन्याने जानेवारी २०२१ मध्ये त्याची मागणी नोंदवली, तेव्हा हा प्रकार मराठी वर्तमानपत्रांतही आला.

माझं विमान साधं आहे. दोन मोटरी पंखांच्या पुढच्या कडेला, बिजागरीवर बसवलेल्या. उठताना त्यांचं तोंड आकाशाकडे असतं. नंतर त्या वाकत वाकत पुढे तोंड करतात. तिसरी मोटर शेपटाकडे आहे, ती वाकत नाही. फक्त उचलते, आणि पंखांवर उड्डाण सुरू झालं की बंद होते. उभ्या उड्डाणातून पंखांच्या उड्डाणात जाण्याच्या या काळाला संक्रमण म्हणतात. यंत्राचं सगळं भवितव्य त्या काही सेकंदांत असतं, कारण वजन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर द्यायचं असतं आणि दुसरा खांदा अजून तयार झालेला नसतो.

तो तयार कधी होतो? पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. माझ्या विमानाचे पंख सेकंदाला दहा मीटर वेगाला, आपला कोन शक्य तितका उंचावून, पाच किलो कसेबसे पेलतात. त्याखाली पेलत नाहीत. पंखावरून जाणारी हवा पाठीला चिकटून राहत नाही, सुटते, आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. दहाच्या निम्म्या, म्हणजे पाच मीटर वेगाला पंख निम्मं वजन पेलतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते फक्त पाव वजन पेलतात. निम्मं वजन यायला सातचा वेग लागतो. म्हणून दहालाच मोटरी सोडून देत नाहीत. झुळूक आली, विमान थोडं कललं, तर दहाचा आकडा वर सरकतो. पंचेचाळीस अंश कललेल्या वळणात तो बारा होतो. मी तेराचा आकडा धरला आहे. दहा आणि तेरा यांमधलं अंतर ही माझी स्टॉलपासूनची राखीव जागा, आणि संक्रमण पूर्ण होईपर्यंत विमान सरळच ठेवायचं हा नियम.

आता मोटरी वाकवण्याचा हिशेब पाहा. उभं राहताना पुढच्या दोन मोटरी मिळून साडेतीन किलो उचलतात, उरलेलं शेपटाची मोटर. पुढच्या मोटरी पंचेचाळीस अंश वाकल्या की त्यांच्या जोरातला सत्तर टक्केच वाटा वर उचलायला उरतो. तेच साडेतीन किलो पेलायला त्यांना पाच किलोचा जोर लावावा लागतो. साठ अंशाला तो सात किलो होतो, आणि माझ्या दोन्ही मोटरींची मिळून ताकद सहा किलोची आहे. म्हणून त्या पंचेचाळीसवर थांबतात, पुढे ढकलत राहतात, आणि वेग तेरा झाल्याचं कळेपर्यंत पुढे वाकत नाहीत. मी वापरतो त्या ‘आर्डूपायलट’ प्रणालीत या कोनाचं नाव `Q_TILT_MAX`, वेगाच्या उंबरठ्याचं `AIRSPEED_MIN`. उंबरठा ओलांडला की `Q_TRANSITION_MS` मध्ये दिलेल्या वेळात, माझ्याकडे पाच सेकंदांत, शेपटाची मोटर हळूहळू सोडून दिली जाते.

म्हणजे सगळा निर्णय ‘वेग तेरा झाला’ या एका वाक्यावर आहे. ते वाक्य कोण उच्चारतं?

उपग्रहावरून मिळणारा वेग इथे चालत नाही, कारण तो जमिनीच्या संदर्भातला असतो. पाठीमागून चार मीटरचा वारा असेल तर उपग्रह चौदा सांगेल आणि पंखांवरून हवा दहानेच वाहत असेल. म्हणजे आकडा भरवशाचा, विमान मात्र स्टॉलच्या कडेवर. पंखाला जमिनीशी देणंघेणं नसतं. म्हणून नाकावर किंवा पंखाच्या कडेला एक बारीक नळी पुढे तोंड करून बसवतात, तिला पिटो नळी म्हणतात. समोरून येणारी हवा नळीत दाबली जाते. बाजूच्या छिद्रातून भोवतालचा स्थिर दाब घेतला जातो. दोन्हींतला फरक म्हणजे वेगाचं माप. हिची एक मोठी सोय आहे. धारणीच्या मे महिन्यातल्या त्रेचाळीस अंशांच्या उन्हात हवा विरळ होते, पंखाला जास्त वेगाने पळावं लागतं; पण नळीलाही तीच विरळ हवा मिळत असल्याने तिच्या मापात स्टॉलचा आकडा दहाच राहतो. पंख आणि नळी एकाच हवेचे साक्षीदार आहेत.

पण हा साक्षीदार फार हळू आवाजात बोलतो. दहाच्या वेगाला दोन दाबांतला फरक असतो पाण्याच्या सहा मिलिमीटर उंचीएवढा, तेराला साडेदहा. उडणं आणि पडणं यांच्यात पाण्याची साडेचार मिलिमीटर उंची आहे.

आता माझी चूक. पावसाळ्याच्या शेवटी तीन आठवडे विमान टिनाच्या खोलीत उभं होतं. पंखांवर मी चादर टाकली होती, नळीवर काही नाही. आपल्याकडे कुंभारीण माशी भिंतीतल्या, कुलपातल्या, कुठल्याही बारीक भोकात ओल्या मातीचं घर करते, हे लहानपणापासून पाहिलेलं. तिला माझी नळी सापडली. उडवण्याआधी मी वेगाचं शून्य लावून घेतलं. पडद्यावर शून्य दिसलं आणि मी समाधानी झालो. बंद नळीही जमिनीवर शून्यच दाखवते.

पुढे जे घडलं त्याची गंमत अशी, की बंद नळी शून्यावर राहत नाही. मातीच्या बुचामागे जमिनीवरचा दाब कोंडलेला असतो. विमान वर जातं तसा बाहेरचा दाब कमी होतो, बाजूचं छिद्र तो कमी झालेला दाब इमानाने कळवतं, आणि दोन्हींतला फरक वाढत जातो. दर मीटर उंचीला पाण्याचा सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. दहा मीटर वर गेलं की अकरा मिलिमीटर, म्हणजे तेराचा वेग. नेमका माझा उंबरठा. वीस मीटरवर विमान हवेत निश्चल उभं असताना संगणकाला ते सेकंदाला एकोणीस मीटरने पळताना दिसत होतं. मी संक्रमणाची आज्ञा दिली. थांबायचं कारणच नव्हतं. मोटरी थेट पुढे वाकल्या आणि शेपटाची मोटर सुटू लागली. त्यावर कडी म्हणजे, माझा नेहमीचा वेग सोळाचा ठरवलेला. एकोणीस पाहून संगणकाने पुढच्या मोटरींचा जोर कमी केला. उपग्रहाच्या नोंदीत जमिनीवरचा वेग आठच्या वर गेलाच नाही. वेग अपुरा पडला तर उचलणाऱ्या मोटरी पुन्हा चालू करणारी `Q_ASSIST_SPEED` ही सोय मी अकराला लावलेली होती. पण तीही त्याच नळीचं ऐकते. विमान खाली आल्यावर खोटा आकडा उतरला, सात मीटरवर अकराखाली गेला, तेव्हा ती जागी झाली. वाकलेल्या मोटरींना सरळ व्हायला सव्वादोन सेकंद लागतात. सात मीटरवरून पडणाऱ्या वस्तूकडे तेवढा वेळ नसतो.

हाच प्रकार मोठ्या विमानात घडलेला आहे. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून निघालेलं बर्गनएअर कंपनीचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. विमान त्याआधी कित्येक दिवस जमिनीवर उभं होतं. चढताना कप्तानाच्या वेगमापकाचा आकडा वाढत गेला, प्रत्यक्ष वेग घटत होता, आणि शेवटी विमान स्टॉल झालं. ती नळी समुद्रातून मिळाली नाही. पण तिच्यात मातीचं घर करणाऱ्या माशीने घर केलं असावं, हा तपासाचा सर्वांत संभाव्य निष्कर्ष होता.

उलटा दोषही असतो. नळीपासून संवेदकापर्यंतची रबरी वाहिनी सैल झाली तर दाब गळतो आणि वेग कमी दिसतो. मग तेरा कधी होतच नाही. विमान पंचेचाळीस अंशांत मोटरी तापवत, बॅटरी संपवत पुढे जात राहतं. हे वाईट, पण दिसणारं वाईट आहे. त्यात परत बोलवायला वेळ मिळतो. जास्त दाखवणारी नळी तो वेळ देत नाही.

आता मी तीन गोष्टी करतो. नळीवर लाल फीत लावलेली टोपी असते. ती शून्य लावून झाल्यावरच निघते, म्हणजे वाऱ्याची झुळूकही शून्यात मिसळत नाही. मग नळीच्या तोंडावर फुंकर न मारता हलकेच बोट दाबतो. आकडा चढला, टिकला आणि बोट काढताच उतरला, तर वाट मोकळी आणि वाहिनी घट्ट आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वीस मीटरवर विमान दहा सेकंद नुसतं उभं करतो, नाक वाऱ्याकडे ठेवून. पडद्यावरचा आकडा वाऱ्याएवढाच, म्हणजे दोन-तीनच्या आसपास असायला हवा. उंचीबरोबर तो चढत गेला असेल तर मी खाली उतरतो. `ARSPD_WIND_MAX` मध्ये मर्यादा लिहिली की हवेतला आणि जमिनीवरचा वेग यांतला अवाजवी फरक संगणकही पकडू शकतो. पण उन्हात संवेदकाचं शून्य हळूहळू सरकलं, वेग दोन-तीनने जास्त दिसू लागला, तर तो फरक वाऱ्यातच खपून जातो. तिथे दहा आणि तेरामधली राखीव जागाच कामाला येते, आणि तीही थोडीच.

तुरीच्या मालकांना मी भरपाई दिली. त्यांनी त्या दिवशी विचारलं होतं ते असं : “भाऊ, थे तं जागच्या जागीच उभं होतं. मंग पयालं कवा?”

ते पळालंच नव्हतं. पळालं असं त्याला वाटलं होतं.